“मना आवाज मना मांगे मांगे येस”: हेडफोनमधल्या उशिराचं एक प्रकरण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात अमळनेरहून एका मुलाचा फोन आला. घराच्या वरच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावून त्याने रेकॉर्डिंगची जागा केली आहे. श्रावणात कानबाई बसायच्या आत अहिराणी गाणी तयार हवीत म्हणून त्याने जवळच्या खेड्यातल्या आपल्या मावशीला गायला बसवलं होतं. या मावशींची कानबाईची गाणी पंचक्रोशीत ऐकली जातात. ढोलकी आणि टाळाच्या संगतीत त्या तासन् तास सुरात गातात, हे मी स्वतः ऐकलं आहे. “दादा, चार दिवस झाले, मावशी सूर सोडतेय. हेडफोन लावला की एक ओळ धड होत नाही. आता ती म्हणते, मला हे जमायचं नाही.”

असं वाक्य ऐकलं की माझं लक्ष गळ्याकडे जात नाही, हेडफोनकडे जातं. तीस-चाळीस वर्षं सुरात गाणारी बाई एका खोलीत येऊन चार दिवसांत बेसूर होत नाही. दुसऱ्या दिवशी जळगावहून सकाळची गाडी पकडून गेलो.

पोचल्यावर मी काहीही न बदलता त्यांना एक टेक द्यायला सांगितला आणि मायक्रोफोनसमोर त्या कशा उभ्या राहतात ते पाहिलं. पहिली ओळ संपायच्या आत त्यांनी उजव्या कानावरची वाटी मागे सरकवली आणि कानामागे हात धरला. ओळीच्या शेवटचा लांब स्वर खाली उतरत होता, शब्द ओढल्यासारखे येत होते. मी थांबवून विचारलं, तर म्हणाल्या, “मना आवाज मना मांगे मांगे येस, भाऊ. एक कान मोकया पाहिजे माले.” आवाज आपल्या मागून येतो, आणि एक कान मोकळा हवा. तपासणीसाठी यापेक्षा नेमकी तक्रार मला कोणी शिकलेल्या माणसानेही सांगितली नसती. गायक हेडफोनची एक वाटी काढतो तेव्हा बहुतेक वेळा तो कानात येणाऱ्या आवाजाला कंटाळून डोक्यातल्या खऱ्या आवाजाकडे परत जात असतो.

आता हा आवाज मागून का येत होता ते पाहू. मायक्रोफोनचा आवाज त्याला संगणकाशी जोडणाऱ्या डब्यात, म्हणजे इंटरफेसमध्ये जातो, तिथे त्याचे आकडे होतात, आकडे यूएसबीवरून संगणकात जातात, सॉफ्टवेअर त्यांच्यावर काम करतं आणि ते त्याच वाटेने परत हेडफोनमध्ये येतात. संगणक एकेक आकडा लगेच पुढे पाठवत नाही, ठरावीक संख्येचा गठ्ठा भरला की पाठवतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. मुलाच्या रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेकंदाला ४८,००० सँपल, म्हणजे तितके आकडे, आणि बफर ५१२ सँपलचा असा हिशेब लावलेला होता. ५१२ भागिले ४८,००० म्हणजे साधारण १०.७ मिलिसेकंद. जाताना एक गठ्ठा आणि येताना एक, म्हणजे २१ मिलिसेकंद झाले. त्यात इंटरफेसच्या रूपांतराचा आणि संगणकाशी त्याचं बोलणं जुळवणाऱ्या ड्रायव्हरने सुरक्षेसाठी राखलेला थोडा वेळ मिसळतो, आणि तो कुठेच नीट दाखवलेला नसतो.

म्हणून मी तो मोजला. इंटरफेसच्या आउटपुटमधून एक केबल सरळ त्याच्याच इनपुटमध्ये लावली, रीपरची उशीर भरून काढणारी सोय तेवढ्यापुरती बंद केली आणि एका ट्रॅकवरचा ‘टक्’ वाजवून तोच दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केला. हे करताना रेकॉर्ड होणाऱ्या ट्रॅकचा आवाज त्याच वेळी ऐकवणारं मॉनिटरिंग आणि इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर दोन्ही बंद ठेवावं लागतं, नाहीतर आवाज गोल फिरत राहून शिट्टी सुटते आणि कान व स्पीकर दोन्हींना धोका होतो. दोन टकांमधलं अंतर १,२७२ सँपल निघालं, म्हणजे २६.५ मिलिसेकंद. यातले १,०२४ सँपल दोन बफरांचे, उरलेले २४८ इंटरफेस आणि ड्रायव्हरचे. बफर कितीही लहान केला तरी हे २४८ कमी होणार नव्हते. हा आकडा पुढे कामी आला.

पण २६.५ मिलिसेकंदांनी एवढी ओढाताण होत नाही. सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तो मास्टर ट्रॅक उघडला तर त्यावर लिनिअर फेज प्रकारचा इक्वलायझर बसवलेला होता. मुलाने गाण्याची संगीताची बाजू आधीच मिक्स करून ठेवली होती, त्यातला तो राहिला होता. अशा इक्वलायझरला काम करायला पुढचा आवाज आधी बघावा लागतो, म्हणून तो स्वतः उशीर करतो. त्याच्या खिडकीच्या तळाशी ३,०७२ सँपल असा आकडा दिसत होता, म्हणजे ६४ मिलिसेकंद. मुलगा म्हणाला, “पण गाणं तर बरोबर वाजतंय, दादा.” वाजणारच. रेकॉर्ड झालेल्या ढोलकीचं पुढचं सगळं सॉफ्टवेअरकडे आधीच असतं, त्यामुळे ते तिला तेवढी लवकर सोडून उशीर भरून काढतं. मावशींच्या तोंडून पुढच्या क्षणी कोणता सूर निघेल हे त्याला कुठून माहीत असणार? त्यांचा आवाज पूर्ण उशिराने येतो. दोन्ही मिळून सुमारे ९० मिलिसेकंद झाले. आवाज तेवढ्या वेळात तीस मीटर जातो, म्हणजे गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी आपलंच गाणं आपल्यामागून म्हणतंय असं ऐकत गायचं. माणूस अशा वेळी नकळत थांबून वाट बघतो आणि लय ओढली जाते.

इक्वलायझर बंद केला. मास्टरवरचा उशीर गेला, २६.५ उरले. मावशींनी पुन्हा गायलं. लय सावरली, पण वाटी पुन्हा कानावरून मागे गेली.

गाणाऱ्याचा प्रश्न इथे इतरांपासून वेगळा होतो, आणि याच जागी बरेच जण चुकतात असं मला वाटतं. गिटार वाजवणारा अॅम्प्लिफायरपासून तीन मीटरवर उभा असेल तर त्याला साधारण ९ मिलिसेकंदांचा उशीर रोज मिळतो आणि त्याला तो जाणवतही नाही. गाणाऱ्याला मात्र स्वतःचा आवाज हाडांमधून, जबड्यातून कोणत्याही उशिराशिवाय आधीच ऐकू येत असतो. हेडफोनमधला उशिराचा आवाज त्याच्यावर येऊन पडतो. दोन सारखे आवाज थोड्या अंतराने एकमेकांवर पडले की काही स्वर दुप्पट भरतात आणि काही एकमेकांना खातात. उशीर कमी असला तर तो प्रतिध्वनीसारखा ऐकूच येत नाही, आवाजाचा पोत तेवढा बिघडतो. गायक त्याला उशीर म्हणत नाही. तो म्हणतो, आवाज माझा वाटत नाही, पोकळ वाटतो, सूर लागत नाही.

मुलाने स्वतःहून बफर ६४ वर आणला. हिशेब सरळ आहे: दोन वेळा ६४ म्हणजे १२८, त्यात ते न हलणारे २४८, एकूण ३७६ सँपल, म्हणजे ७.८ मिलिसेकंद. लिहिण्यापुरता हा आकडा फार चांगला दिसतो. पण ७.८ मिलिसेकंदांच्या अंतराने तोच आवाज स्वतःवर पडला तर पहिला खड्डा ६४ हर्ट्झला येतो आणि पुढचे १२८-१२८ हर्ट्झच्या अंतराने: १९२, ३१९, ४४७. मावशी काळी पाचमध्ये गात होत्या. त्यांचा षड्ज २३३ हर्ट्झच्या आसपास, ऋषभ २६२ आणि मध्यम ३११. म्हणजे मध्यम जवळजवळ खड्ड्यात पडतो, आणि २५५ हर्ट्झला उंचवटा असल्यामुळे ऋषभ फुगतो. हा कागदावरचा हिशेब आहे. डोक्यातून येणारा आवाज हाडांतून वेगळा होऊन येतो, त्यामुळे प्रत्यक्षात जागा इकडेतिकडे सरकतात आणि खड्डे इतके खोल नसतात. पण एकाच ओळीत एक सूर भरलेला आणि त्याच्या पलीकडचा रिकामा ऐकू आला की गाणारा रिकाम्या सुरावर जोर लावतो, आणि जोर लावला की सूर हलतो. मावशी नेमक्या मध्यमावर जोर लावत होत्या.

बफर ६४ वर ठेवून काम रेटता आलं असतं का? सकाळी साडेनऊला कदाचित आलं असतं. साडेअकराला आवाजात चटचट सुरू झाली. खोलीत कूलर आणि पंखा बंद, कारण मायक्रोफोन दोन्ही पकडतो. बाहेर खानदेशातलं मे महिन्याचं ऊन. लॅपटॉप तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. ६४ सँपलचा गठ्ठा दर १.३ मिलिसेकंदांनी तयार व्हावा लागतो, तो एकदा चुकला की ‘चट्’ असा आवाज येतो आणि तो टेकमध्येही उतरू शकतो. मधे लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला तेव्हा तर ही चटचट सतत सुरू झाली. बॅटरीवर विंडोज वेग आणखी आवरतं. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी बफर सकाळी ठरवू नये. खोली तापल्यावर, पंखा बंद असताना दहा मिनिटं सलग रेकॉर्ड करून पाहावं आणि मग ठरवावं.

म्हणून मी डायरेक्ट मॉनिटरिंगकडे गेलो. यात मायक्रोफोनचा आवाज संगणकात जाण्याआधीच इंटरफेसच्या आतून फुटून सरळ हेडफोनला मिळतो. काही इंटरफेसमध्ये ही वाट निव्वळ तारेची असते आणि उशीर शून्य असतो. ज्यांच्या आत डिजिटल मिक्सर असतो त्यांत एखाद-दोन मिलिसेकंद लागतात. संगणक किती तापला, बफर किती आहे, याचा त्या वाटेशी काही संबंध उरत नाही. मुलाच्या इंटरफेसवर समोरच बटण होतं. ते दाबलं आणि मावशी दचकल्या. आता त्यांना दोन मावशी ऐकू येत होत्या.

डायरेक्ट चालू केलं तरी रीपरमधल्या ट्रॅकचं मॉनिटरिंग चालूच राहिलं होतं. एक आवाज लगेच, दुसरा ७.८ मिलिसेकंदांनी. पत्र्याच्या नळीतून बोलल्यासारखा आवाज येतो तो यामुळेच. ओळखायची खूण सोपी आहे: ट्रॅकवरचं मॉनिटरचं बटण बंद करा. आवाज नुसता हळू न होता एकदम स्वच्छ झाला, तर दोन वाटा एकत्र चालू होत्या. आणखी एक गोष्ट तिथेच सापडली. डायरेक्टचं बटण स्टिरिओवर होतं, म्हणून पहिल्या इनपुटचा आवाज फक्त डाव्या कानात जात होता. ते मोनोवर केल्यावर आवाज डोक्याच्या मध्ये आला.

आता तांत्रिकदृष्ट्या सगळं बरोबर होतं. मावशींनी गायलं, दोन्ही वाट्या कानांवर राहिल्या, सूर मध्यमावरही नीट बसला. तरी त्या दर ओळीनंतर थांबत होत्या आणि आवाज गरजेपेक्षा मोठा लावत होत्या. कारण सरळ होतं. त्या अंगणात, मांडवात, भिंतींमध्ये गाणाऱ्या. गोधड्या लावलेल्या खोलीत डायरेक्ट मॉनिटरिंगचा आवाज कोरडा ठणठणीत येतो. त्यात मागे काहीच उरत नाही, म्हणून गाणारा ती पोकळी गळ्याने भरायला जातो. या कोरडेपणामुळेच अनेक जण डायरेक्ट सोडून पुन्हा सॉफ्टवेअर मॉनिटरिंगवर जातात, आणि पुन्हा उशिरात अडकतात.

पण दोन्हींतून एकच निवडायचं असं बंधन नाही. कोरडा आवाज इंटरफेसमधून द्यायचा आणि फक्त घुमारा संगणकातून. मी आवाजाच्या ट्रॅकचं मॉनिटरिंग पुन्हा चालू केलं, पण त्या ट्रॅकची मास्टरकडे जाणारी वाट, म्हणजे राउटिंगच्या खिडकीतला `Master send`, बंद केला. त्यामुळे तो ट्रॅक थेट ऐकूच येत नाही. त्याऐवजी त्यातून एका नव्या ट्रॅकला सेंड दिला, म्हणजे आवाजाची एक वाट तिकडे वळवली, आणि त्यावर रीपरसोबत येणारं, घुमारा देणारं `ReaVerbate` लावलं. त्यातला `Dry`, म्हणजे कोरडा आवाज, पूर्ण खाली; `Wet`, म्हणजे घुमारा, कानाला बरा वाटेल इतका. `Dry` जरा जरी उघडा राहिला तरी ती पत्र्याची नळी परत येते, तेवढं सांभाळावं लागतं.

हे झाल्यावर बफर २५६ वर नेला. आता संगणकाची वाट दोन वेळा २५६ आणि २४८, म्हणजे ७६० सँपलची, १५.८ मिलिसेकंदांची झाली. कोरड्या आवाजाला एवढा उशीर त्रास देतो, पण घुमाऱ्याला देत नाही. खऱ्या अंगणातही भिंतीवरून परतणारा आवाज उशिरानेच येतो. घुमारा देणाऱ्या प्लगइनमध्ये सुरुवातीचा उशीर मुद्दाम वाढवायची सोय असते ती याच कारणासाठी. इथे संगणकाचा उशीर तेच काम फुकटात करत होता, म्हणून `ReaVerbate` मधला `Initial delay` मी शून्यावर ठेवला. २५६ वर लॅपटॉप दुपारभर एकदाही चटचटला नाही. रेकॉर्डमध्ये घुमारा जात नाही, तो फक्त कानात असतो.

मावशींनी पूर्ण मुखडा एका दमात गायला. हात कानाकडे गेला नाही. आवाज आपोआप खाली आला, आणि शब्दांतली ती कानबाईच्या गाण्याची लाडिक ओढ, जी चार दिवसांत एकदाही उमटली नव्हती, ती परत आली. “आते बरं वाटस,” एवढंच म्हणाल्या आणि पाणी मागितलं.

त्याच मुलाकडे लग्नाच्या डीजेसाठी गाणारे तरुणही येतात. त्यांना सूर दुरुस्त करणारं प्लगइन कानात ऐकत गायचं असतं. तो आवाज ऐकूनच ते हरकती घेतात. तिथे डायरेक्ट चालत नाही, कारण इंटरफेसमधून फक्त मूळ गळा येणार आणि प्लगइनचा आवाज त्यावर उशिराने पडणार. अशा वेळी डायरेक्ट पूर्ण बंद ठेवून सॉफ्टवेअरच्या वाटेनेच जावं. ढोलकी, कीबोर्ड, बेस सगळं आधी एका स्टिरिओ फाइलमध्ये काढून नव्या प्रोजेक्टमध्ये आणावं. मग संगणकावर ओझं उरत नाही आणि ६४ चा बफर पेलतो. सूर दुरुस्तीचं प्लगइन कमी उशिराच्या मोडमध्ये ठेवावं. आणि हे काम सकाळी उरकावं.

चहा झाल्यावर नवे टेक ऐकायला बसलो तर मुलगा म्हणाला, “दादा, आता मावशी ढोलकीच्या पुढे पळतेय.” ऐकलं, तर खरंच. प्रत्येक शब्द समेच्या किंचित आधी पडत होता. माणूस पुढे पळतो तेव्हा कधी जास्त पळतो, कधी कमी. इथे फरक सगळीकडे सारखा होता. सारखा फरक हा माणसाचा नसतो, यंत्राचा असतो.

कानात काय ऐकू येतं आणि टेक टाइमलाइनवर कुठे बसतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉनिटरिंग डायरेक्ट असो की सॉफ्टवेअरचं, रेकॉर्ड झालेला आवाज संगणकात उशिरानेच पोचतो. सॉफ्टवेअर ड्रायव्हरने सांगितलेल्या उशिराइतका तो मागे सरकवून जागेवर ठेवतं. रीपरमध्ये प्रेफरन्सेसच्या रेकॉर्डिंगच्या पानावर `Use audio driver reported latency` ही खूण असते, ती केलेली होती. पण तिच्याच खाली `Input manual offset` मध्ये २० मिलिसेकंद भरलेले होते. मुलाने ते दोन वर्षांपूर्वी जुन्या इंटरफेससाठी भरले होते. ड्रायव्हर आपलं काम नीट करत होता आणि वरून हे २० आणखी वजा होत होते.

पुन्हा तीच केबल लावली, या वेळी उशीर भरून काढणारी सोय चालू ठेवून. रेकॉर्ड झालेला टक् मूळ टकाच्या ९६० सँपल आधी दिसला, म्हणजे बरोबर २० मिलिसेकंद. ऑफसेट शून्य केला. तिसऱ्यांदा मोजलं, तर दोन्ही टक् एकाखाली एक आले. ही मोजणी इंटरफेस किंवा ड्रायव्हर बदलल्यावर एकदा करावी लागते. बफर बदलला तर ड्रायव्हर नवा आकडा स्वतः सांगतो, तरी मी एकदा मोजून खात्री करतो.

मग चार दिवसांपूर्वीचे टेक पुढे का पळत नव्हते? त्या वेळी मावशी कानातल्या ९० मिलिसेकंदांमुळे लय ओढत होत्या आणि ऑफसेट त्यांना पुढे ढकलत होता. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, म्हणून वेळेकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. बेसूर तेवढं कानाला लागलं, आणि त्याचा दोष गळ्यावर गेला.

त्या दिवशी घेतलेले सगळे टेक निवडून आम्ही ९६० सँपल उशिरा सरकवले. मुखडा ढोलकीवर बसला. जुन्यांपैकी एका अंतऱ्यात मावशींनी दोन्ही वाट्या गळ्यात घालून नुसती ढोलकी ऐकत गायलं होतं. त्यात सूर चोख होता, पण मायक्रोफोनमध्ये ढोलकी शिरली होती. तो अंतरा मी मुलाला ठेवायला सांगितला आणि बाकीचे पुसून टाकले. दुसरा अंतरा संध्याकाळी पाच वाजता, ऊन उतरल्यावर घेतला. टेक संपल्याची खूण केली तेव्हा मावशींनी हेडफोन काढला नाही. म्हणाल्या, आणखी एक म्हणते.